स्टॅटिन अपुरे पडते तेव्हा : एझेटिमाइब आणि बेम्पेडोइक ॲसिड

रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल कमी करायचे असेल, तर स्टॅटिन हे पहिले औषध. अटॉर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही त्यातली दोन नावे घरोघरी परिचयाची झाली आहेत. मात्र गोळी नियमित घेऊनही अनेकांचे एलडीएल ठरलेल्या पातळीपर्यंत उतरत नाही. ही पातळी सर्वांसाठी सारखी नसते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला अतिजोखमीच्या गटात धरले जाते आणि त्याचे एलडीएल ५५ च्या खाली असावे, असे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची २०२४ सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये हाच आकडा दिला होता. (हे आणि पुढचे कोलेस्टेरॉलचे आकडे एक डेसिलिटर रक्तातल्या मिलिग्रॅमचे आहेत, लॅबच्या रिपोर्टमध्ये येतात तसेच.)

एक नमुना उदाहरण घेऊन हिशेब पाहता येईल. अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांची अँजिओप्लास्टी झाली आहे. औषध सुरू होण्यापूर्वी त्यांचे एलडीएल १६० होते. अटॉर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम सुरू झाल्यावर दीड महिन्याने ते ८० वर, म्हणजे बरोबर निम्म्यावर आले. औषधाने आपले काम चोख केले आहे, तरीही ५५ चे लक्ष्य २५ अंकांनी दूर आहे. अशा वेळी मनात येणारा पहिला उपाय म्हणजे डोस दुप्पट करणे. त्याचा फायदा किती होतो, हे समजायला स्टॅटिन कसे काम करते ते पाहावे लागते.

डोस दुप्पट, फायदा थोडा

यकृताच्या पेशी स्वतः कोलेस्टेरॉल तयार करतात. स्टॅटिन त्या प्रक्रियेतले एक महत्त्वाचे एन्झाइम रोखते. घरचे उत्पादन घटले की पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडू लागते आणि ती आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, वाढवते. हे रिसेप्टर रक्तातले एलडीएल ओढून घेतात आणि रिपोर्टमधला आकडा खाली येतो.

परंतु पेशी तेवढ्यावर थांबत नाही. उत्पादन रोखले गेल्याचे जाणवताच ती तेच एन्झाइम अधिक प्रमाणात बनवू लागते. त्याच वेळी पीसीएसके-९ नावाचे एक प्रथिनही वाढते आणि ते नव्याने आलेल्या रिसेप्टरांचाच नाश करते. म्हणून स्टॅटिनचा पहिला डोस मोठा परिणाम दाखवतो आणि त्यानंतरची प्रत्येक वाढ थोडेच पदरात टाकते. अटॉर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ३७ टक्के उतरते, २० ने ४३, ४० ने ४९ आणि ८० ने ५५ टक्के. डोस आठपट झाला, तरी भर पडली ती १८ टक्क्यांची. प्रत्येक दुपटीमागे मूळ पातळीच्या सुमारे ६ टक्के, असा हा नियम डॉक्टरांच्या बोलण्यात नेहमी येतो.

उदाहरणातल्या गृहस्थांना ४० ऐवजी ८० मिलिग्रॅम दिले, तर १६० च्या ६ टक्के, म्हणजे जेमतेम १० अंक आणखी उतरतील. ८० चे ७० होईल. दुष्परिणामांची शक्यता मात्र डोसबरोबर वाढत जाईल. म्हणून एका ठरावीक डोसनंतर, त्याच वाटेवर जोर लावण्याऐवजी कोलेस्टेरॉलची दुसरी वाट अडवणे अधिक फायद्याचे ठरते. ती वाट आतड्यातून जाते.

एझेटिमाइब : आतड्यातली वाट

लहान आतड्यात रोज दोन ठिकाणांहून कोलेस्टेरॉल येते. एक अन्नातून, साधारण ३०० मिलिग्रॅम. दुसरे पित्तातून, त्याच्या जवळजवळ तिप्पट. यकृत पित्तावाटे आतड्यात कोलेस्टेरॉल सोडते आणि आतडे त्यातला बराचसा भाग पुन्हा शोषून यकृताकडे परत पाठवते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर हे शोषण करणारे एक प्रथिन असते, एनपीसी१एल१. एझेटिमाइब नेमके हेच प्रथिन अडवते. गंमत अशी की औषध २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि ते ज्या प्रथिनावर काम करते त्याची ओळख पटली ती २००४ मध्ये.

मटण, अंडी, तूप न खाणाऱ्या माणसाला आतड्यावर काम करणाऱ्या औषधाचा काय उपयोग, अशी शंका शाकाहारी घरांमध्ये हमखास निघते. उत्तर वरच्या आकड्यांत आहे. आतड्यातले बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, ते यकृताचे असते. त्यामुळे पूर्ण शाकाहारी माणसातही एझेटिमाइबला अडवायला भरपूर काही मिळते.

एकट्याने घेतल्यास हे औषध एलडीएल सुमारे १८ टक्के उतरवते. आतड्यातून येणारा पुरवठा आटला की यकृत स्वतःचे उत्पादन वाढवून काही भरपाई करते, म्हणून एवढेच. स्टॅटिनच्या बाबतीत याच्या उलट घडते : उत्पादन रोखले की आतड्यातले शोषण वाढते. एकाची पळवाट दुसऱ्याने बंद होत असल्यामुळे ही जोडी एकमेकांना पूरक ठरते. चालू स्टॅटिनमध्ये एझेटिमाइबची भर घातली की उरलेले एलडीएल साधारण २० ते २५ टक्क्यांनी खाली येते.

हिशेब करताना एक चूक वारंवार होते. ५० टक्के स्टॅटिनचे आणि २२ टक्के एझेटिमाइबचे मिळून ७२ टक्के, अशी सरळ बेरीज इथे चालत नाही. दुसऱ्या औषधाचे टक्के पहिल्याने शिल्लक ठेवलेल्या पातळीवर धरायचे असतात. उदाहरणातल्या गृहस्थांचे एलडीएल ८० आहे. त्याचे २२ टक्के म्हणजे जवळपास १८. म्हणजे पातळी ६२ च्या आसपास येईल. डोस दुप्पट केल्यावर ७० मिळत होते. त्यापेक्षा हे बरेच बरे, पण लक्ष्य अजून गाठलेले नाही.

आकडा उतरला म्हणजे झटका टळतोच का, हा प्रश्न एझेटिमाइबच्या बाबतीत बरीच वर्षे खुला होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इम्प्रूव्ह-इट या अभ्यासाने त्याचे उत्तर दिले. नुकताच हृदयविकाराचा तीव्र त्रास होऊन गेलेले १८,१४४ रुग्ण त्यात होते. एका गटाला फक्त सिम्व्हास्टॅटिन मिळाले, दुसऱ्याला सिम्व्हास्टॅटिन आणि एझेटिमाइब. पहिल्या गटाचे सरासरी एलडीएल ७० च्या जवळ राहिले, दुसऱ्याचे ५४ च्या. सात वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा तशीच गंभीर घटना पहिल्या गटात ३४.७ टक्के रुग्णांना सोसावी लागली, तर दुसऱ्यात ३२.७ टक्क्यांना. म्हणजे पन्नास जणांनी सात वर्षे गोळी घेतली, तर एकाची अशी घटना टळते. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. फायदा लहान होता, पण खरा होता, आणि मधुमेही रुग्णांत तो ठळक दिसला : त्यांच्यात हे प्रमाण ४५.५ वरून ४० टक्क्यांवर आले.

एझेटिमाइब रोज १० मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचे असते. जेवणाआधी की नंतर, सकाळी की रात्री, याने फरक पडत नाही. त्याचा डोस वाढवून जास्त परिणाम मिळत नाही, म्हणून तो बदलावा लागत नाही. दुष्परिणाम कमी आहेत. कुणाला पोट बिघडते, कुणाला सांधे दुखल्यासारखे वाटते. मात्र यकृताचा मध्यम किंवा तीव्र आजार असेल तर ते देत नाहीत. कोलेस्टिरामाइनची पूड चालू असेल, तर ती एझेटिमाइबला आतड्यातच बांधून ठेवते. अशा वेळी एझेटिमाइब पुडीच्या निदान दोन तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यावे लागते. रोसुव्हास्टॅटिन किंवा अटॉर्व्हास्टॅटिनबरोबर ते एकाच गोळीतही मिळते, त्यामुळे गोळ्यांची संख्या वाढत नाही.

अशा जोडगोळीचा मध्यम डोस, एकट्या स्टॅटिनच्या मोठ्या डोसची बरोबरी करतो का, हे दक्षिण कोरियात तपासले गेले. रेसिंग नावाचा हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ३,७८० रुग्णांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन १० आणि एझेटिमाइब १० मिलिग्रॅम एकत्र दिले, निम्म्यांना एकटे रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम. तीन वर्षांत गंभीर घटना दोन्ही गटांत जवळपास सारख्याच, ९.१ आणि ९.९ टक्के. पण दुष्परिणाम सोसवेनासे झाल्यामुळे औषध बंद किंवा कमी करावे लागलेले रुग्ण जोडगोळीच्या गटात ४.८ टक्के होते, तर मोठ्या डोसच्या गटात ८.२ टक्के.

बेम्पेडोइक ॲसिड : त्याच ओढ्यावरचा वरचा बंधारा

बेम्पेडोइक ॲसिड हे नवे औषध. अमेरिकेत आणि युरोपात ते २०२० मध्ये मंजूर झाले. आता भारतातही मिळते. डोस १८० मिलिग्रॅम, रोज एकदा. ते आतड्यात नाही, यकृतात काम करते, आणि स्टॅटिन ज्या उत्पादनाच्या वाटेवर बसते त्याच वाटेवर. फक्त ते काही पायऱ्या आधी असलेले एटीपी सिट्रेट लायेज नावाचे एन्झाइम रोखते. एकाच ओढ्यावर खाली स्टॅटिनचा बंधारा आणि वर बेम्पेडोइक ॲसिडचा, असे हे चित्र आहे.

या चित्रावरून त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. खालचा बंधारा नसेल, म्हणजे रुग्ण स्टॅटिन घेत नसेल, तर एलडीएल २१ ते २५ टक्के उतरते. स्टॅटिन भरपूर डोसमध्ये चालू असेल, तर ओढा आधीच अडलेला असतो, आणि वरच्या बंधाऱ्याने मिळणारी भर १७ टक्क्यांच्या आसपास राहते. एझेटिमाइबचे नेमके उलट आहे. ते स्टॅटिनच्या सोबतीला अधिक खुलते. स्टॅटिन चालू असलेल्या रुग्णात आधी एझेटिमाइब आणि मग गरज पडली तर बेम्पेडोइक ॲसिड, हा क्रम ठरण्यामागे हेही एक कारण आहे. दीर्घ अनुभव, कमी खर्च आणि सौम्य दुष्परिणाम ही बाकीची कारणे.

उदाहरणाकडे परत यायचे तर गृहस्थांचे एलडीएल एझेटिमाइबने ६२ वर आले होते. ६२ चे १७ टक्के म्हणजे सुमारे १०. तिसरी गोळी सुरू झाल्यावर पातळी ५२ च्या आसपास उतरेल आणि ५५ ची रेषा ओलांडली जाईल. हे सरासरीचे गणित आहे. प्रत्यक्षात कुणाला जास्त फायदा होतो, कुणाला कमी, म्हणूनच प्रत्येक बदलानंतर चार ते बारा आठवड्यांत रक्त तपासून पुढचे पाऊल ठरवले जाते.

बेम्पेडोइक ॲसिडचे खरे वेगळेपण स्नायूंच्या बाबतीत दिसते. हे औषध पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. ते जागे करणारे एन्झाइम यकृतात असते, हातापायांच्या स्नायूंमध्ये नसते. स्टॅटिनने अंग दुखते म्हणून ते घेऊ न शकणाऱ्यांसाठी ही गोष्ट मोलाची ठरते. क्लिअर आउटकम्स हा मोठा अभ्यास नेमक्या अशाच लोकांवर झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टॅटिन न सोसणारे १३,९७० रुग्ण त्यात होते. जवळपास साडेतीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिनी उघडण्याची प्रक्रिया, यांपैकी काहीतरी १३.३ टक्के रुग्णांच्या वाट्याला आले ते बनावट गोळीच्या गटात. औषधाच्या गटात ११.७ टक्के. स्नायूदुखीची तक्रार औषधाच्या गटात उलट किंचित कमीच होती. इथेही एकूण मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही.

हा अभ्यास वाचताना एक मेख लक्षात घ्यावी लागते. त्यातले बहुतेक रुग्ण स्टॅटिन घेतच नव्हते. काही थोडे अगदी कमी डोसवर होते. त्यामुळे स्टॅटिन न सोसणाऱ्या माणसात हे औषध झटके टाळते, याला भक्कम आधार मिळाला. पूर्ण डोसचे स्टॅटिन आणि वर एझेटिमाइब घेणाऱ्या माणसात मात्र बेम्पेडोइक ॲसिडने एलडीएल उतरते एवढेच प्रत्यक्ष दिसलेले आहे. त्यातून झटके टळतील, हा इतर औषधांच्या अनुभवावरून काढलेला रास्त अंदाज आहे.

स्टॅटिन अजिबात न घेणाऱ्याला दोन्ही नवी औषधे एकत्र देता येतात. ती एकाच गोळीतही येतात. दोघांनी मिळून एलडीएल साधारण ३५ ते ४० टक्के उतरते. म्हणजे १४० चे ८७ च्या आसपास. मध्यम डोसच्या स्टॅटिनने एकट्याने जवळपास एवढेच काम होते. म्हणून स्टॅटिन सोसत नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी डोस कमी करून, स्टॅटिन बदलून किंवा एक दिवसाआड देऊन पाहण्याची पद्धत आहे. अनेकांना पहिल्याने त्रास झाला, तरी दुसरे चालून जाते.

युरिक ॲसिड आणि इतर खाचखळगे

बेम्पेडोइक ॲसिड मूत्रपिंडातल्या ज्या वाटेने बाहेर पडते, त्याच वाटेने युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिनही जाते. वाटेत गर्दी झाली की ही दोन्ही रक्तात थोडी वाढतात. क्रिएटिनिनची वाढ लहान असते, पहिल्या महिन्याभरातच दिसते आणि औषध थांबवले की उतरते. युरिक ॲसिडची वाढ जास्त जपावी लागते. वरच्या अभ्यासात गाऊट औषधाच्या गटात ३.१ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्या गटात २.१ टक्के. ज्याला आधी गाऊट होऊन गेला आहे त्याला धोका अधिक. अशा माणसाच्या पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकू लागला, तर शंका आधी या गोळीवर घ्यायची. म्हणूनच हे औषध सुरू करण्यापूर्वी युरिक ॲसिड तपासून ठेवणे शहाणपणाचे असते. पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाणही या गटात जास्त होते, २.२ विरुद्ध १.२ टक्के.

सुरुवातीच्या अभ्यासांत काही रुग्णांमध्ये खांदा, दंड किंवा टाचेमागचा स्नायुबंध तुटल्याचे आढळले. संख्या फार लहान होती, पण साठी ओलांडलेले, स्टेरॉइड किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके घेणारे आणि मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण यांच्या बाबतीत काळजी घेतली जाते. टाचेमागे किंवा खांद्यात अचानक कळ आली, तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवायचे. सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमपेक्षा किंवा प्रॅव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालू असेल, तर बेम्पेडोइक ॲसिड सोबत देत नाहीत, कारण त्याने या दोन स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढते. भारतात जास्त वापरल्या जाणाऱ्या अटॉर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिनला अशी मर्यादा घातलेली नाही. गर्भारपणात हे औषध टाळले जाते.

भर घालण्यापूर्वीची तपासणी

लक्ष्य चुकले म्हणून दुसरी गोळी लिहिण्याआधी पहिली गोळी खरोखर पोटात जाते आहे का, हे विचारणे सर्वांत महत्त्वाचे. स्टॅटिन सुरू केल्यावर एलडीएल १६० वरून ८० वर आले आणि सहा महिन्यांनी अचानक १४० झाले, तर औषधाची ताकद गेली असे होत नाही. बहुधा गोळी सुटलेली असते. थायरॉइड मंदावले असेल किंवा मूत्रपिंडातून प्रथिने जात असतील, तरीही एलडीएल चढते, आणि तेव्हा मूळ आजारावर उपचार करावे लागतात.

दुसरी बाब रिपोर्टची. बहुतेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांवरून सूत्राने काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल, तर हे सूत्र वापरायोग्य राहत नाही. आणि एलडीएल ७० च्या खाली असताना ट्रायग्लिसराइड जास्त असेल, तर सूत्राचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. मधुमेह आणि सुटलेले पोट असलेल्या रुग्णांत हे वारंवार घडते. अशा वेळी एलडीएल थेट मोजायला सांगितले जाते, किंवा एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएलचा आकडा पाहिला जातो.

दोन्ही औषधांची पोच शेवटी गणितानेच ठरते. स्टॅटिनवर ८० असलेला माणूस या दोन गोळ्यांनी ५५ च्या खाली येऊ शकतो. स्टॅटिनवरही १३० असलेला, उदाहरणार्थ जन्मजात कोलेस्टेरॉल वाढण्याचा आनुवंशिक विकार असलेला माणूस, याच हिशेबाने १०१ आणि मग ८४ पर्यंत उतरेल, त्यापलीकडे नाही. त्याच्यासाठी पीसीएसके-९ प्रथिनालाच अडवणारी इंजेक्शने लागतात, आणि ती किती लवकर विचारात घ्यायची, हे स्टॅटिननंतरच्या पहिल्या रिपोर्टवरूनच बऱ्याच अंशी कळते.